सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मूळ संज्ञा: दहा प्रश्नांची चाचणी

बी.सी.ए. द्वितीय वर्ष | वेळ 15 मिनिटे | गुण 10 | चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नाहीत

सगळे प्रश्न एकाच काल्पनिक ॲपवर आहेत. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी ते बनतंय. मुनीम कट्टे, वजन, ओलावा आणि भाव टाकतो. ॲप हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढतं आणि त्याच्या मोबाइलवर एसएमएस पाठवतं.

1. क्विंटल म्हणजे 1000 किलो असं प्रोग्रामरला वाटलं, म्हणून त्याने कोडमध्ये वजनाला 1000 ने भागलं. 2500 किलो सोयाबीनची पट्टी 2.5 क्विंटलची निघाली. पट्टीवर दिसलेल्या या चुकीच्या आकड्याला काय म्हणतात?
अ) एरर
ब) फेल्युअर
क) डिफेक्ट
ड) टेस्ट केस

2. कोडची एक ओळही लिहिलेली नसताना टीमने गरजांचा दस्तऐवज वाचून त्यातल्या त्रुटी काढल्या. हे काय झालं?
अ) व्हॅलिडेशन
ब) सिस्टिम टेस्टिंग
क) डायनॅमिक टेस्टिंग
ड) व्हेरिफिकेशन

3. कट्ट्यांची संख्या 1 ते 500 चालते, पूर्णांकच. दोन-किमती बाउंडरी व्हॅल्यू ॲनालिसिसने कोणत्या किमती निवडाल?
अ) 0, 1, 500, 501
ब) 1, 250, 500
क) 2, 100, 300, 499
ड) -500, 0, 500, 1000

4. ओलावा 12 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, 12 च्या वर 18 पर्यंत कपात, 18 च्या वर माल नाकारायचा. या तिन्ही इक्विव्हॅलन्स पार्टिशनमधून एकेक किंमत कोणत्या संचात आहे?
अ) 5, 9, 12
ब) 11, 12, 19
क) 10, 15, 20
ड) 13, 16, 18

5. पुढचा कोड `olava = 14` या एकाच टेस्टने चालवला. कव्हरेज किती?

```
kapat = 0
if olava > 12:
    kapat = (olava - 12) * 50
print(bhav - kapat)
```

अ) स्टेटमेंट 100%, ब्रँच 100%
ब) स्टेटमेंट 100%, ब्रँच 50%
क) स्टेटमेंट 50%, ब्रँच 100%
ड) स्टेटमेंट 75%, ब्रँच 50%

6. पट्टीचं मॉड्यूल तयार आहे, पण ते ज्याला कॉल करतं ते एसएमएसचं मॉड्यूल अजून लिहायचंय. त्याच्या जागी "संदेश गेला" एवढंच उत्तर देणारा तात्पुरता कोड ठेवला. हा कोड म्हणजे?
अ) स्टब
ब) ड्रायव्हर
क) पॅच
ड) बिल्ड

7. नवं बिल्ड हाती आल्यावर ॲप उघडतं का, लॉगिन होतं का, एक साधी पट्टी निघते का, एवढंच आधी पाहिलं. ही कोणती टेस्टिंग?
अ) लोड
ब) ॲक्सेप्टन्स
क) युनिट
ड) स्मोक

8. हमालीच्या हिशेबातली चूक दुरुस्त झाली. आता तोलाई, कपात आणि जुन्या पट्ट्या पूर्वीसारख्याच चालतात का हे तपासणं म्हणजे?
अ) रीटेस्टिंग
ब) रिग्रेशन टेस्टिंग
क) बीटा टेस्टिंग
ड) स्टॅटिक टेस्टिंग

9. पट्टीच्या माथ्यावर दुकान मालकाचं आडनाव चुकीचं छापलं जातंय. हिशेब सगळा बरोबर आहे. ॲप उद्या सकाळपासून वापरात येणार आहे. योग्य नोंद कोणती?
अ) सिव्हिअरिटी जास्त, प्रायॉरिटी कमी
ब) दोन्ही जास्त
क) सिव्हिअरिटी कमी, प्रायॉरिटी जास्त
ड) दोन्ही कमी

10. यातला सर्वांत उपयोगी बग रिपोर्ट कोणता?
अ) "पट्टी चुकीची येते, लवकर बघा."
ब) "गोल करायचं गणित चुकलंय, राउंड फंक्शन बदला."
क) "बिल्ड 1.4, अँड्रॉइड 13. 7 कट्टे, 412.5 किलो, भाव 4600, हमाली-तोलाई शून्य टाकून पट्टी काढली. यायला हवे 18,975, आले 18,952. तीनही वेळा तेच."
ड) "कधी कधी रक्कम कमी दिसते, स्क्रीनशॉट जोडला आहे."

## उत्तरे आणि स्पष्टीकरण

1 – ब. प्रोग्रामरचा गैरसमज ही एरर, कोडमधला 1000 हा डिफेक्ट आणि चालवल्यावर दिसलेला 2.5 हे फेल्युअर. तो कोड कधी चाललाच नाही तर डिफेक्ट असूनही फेल्युअर दिसणार नाही. परीक्षेत या तिघांची सर्रास अदलाबदल होते.

2 – ड. दस्तऐवजात "हमाली कापावी" एवढंच लिहिलेलं असतं. कट्ट्यामागे की क्विंटलमागे? हा प्रश्न कागदावरच सुटला तर पुढचं कोड बदलणं वाचतं. तयार ॲप मुनीमाच्या खऱ्या कामाला उतरतं का हे पाहणं म्हणजे व्हॅलिडेशन.

3 – अ. प्रत्येक सीमेवरची किंमत आणि तिच्या लगतची बाहेरची. `<= 500` ऐवजी `< 500` लिहिलं गेलं तर 250 टाकून काहीच कळत नाही, 499 टाकूनही नाही. 500 टाकल्यावरच चूक सापडते. तीन-किमती पद्धतीत 2 आणि 499 सुद्धा घ्यायचे. 'ब' मध्ये दोन्ही सीमा आहेत, पण हद्दीबाहेरचं काहीच नाही, म्हणून ते अपुरं.

4 – क. 12 पहिल्या गटात मोडतो, त्यामुळे 'ब' मध्ये मधला गट सुटला. गट पाडायचे कशाला? 6 ते 9 ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबर 400 कोटी होतात. सेकंदाला 1000 तपासले तरी 46 दिवस लागतील, आणि तेही एकाच रकान्यासाठी.

5 – ब. 14 टाकल्यावर चारही ओळी चालल्या. पण `if` च्या दोन वाटांपैकी एकच चालली. अट खोटी ठरते ती वाट राहिली. समजा कोणी वरची `kapat = 0` ही ओळ गाळली, तर 14 ची टेस्ट तरीही पास होईल आणि 10 टक्के ओलाव्याचा माल आला की प्रोग्राम बंद पडेल, कारण `kapat` ला किंमतच मिळालेली नसेल. स्टेटमेंट कव्हरेज 100% दिसलं म्हणून थांबू नका. 10 ची दुसरी टेस्ट जोडा.

6 – अ. ज्याला कॉल जातो त्याच्या जागी स्टब. जो कॉल करतो तो तयार नसेल तर त्याच्या जागी ड्रायव्हर.

7 – ड. स्मोक फेल झाली तर बिल्ड परत करायचं, बाकीच्या टेस्टवर वेळ घालवायचा नाही.

8 – ब. फेल झालेली हमालीची टेस्ट पुन्हा चालवणं ही रीटेस्टिंग. दुरुस्तीने आजूबाजूचं काही बिघडलं का हे पाहणं ही रिग्रेशन. आधी रीटेस्ट, मग रिग्रेशन. मूळ दुरुस्तीच फसली असेल तर ती पुन्हा होणार आणि आधी केलेली रिग्रेशन वाया जाणार.

9 – क. सिव्हिअरिटी म्हणजे बिघाडाने ॲपचं किती नुकसान होतं. प्रायॉरिटी म्हणजे तो किती लवकर दुरुस्त व्हायला हवा. हिशेब बरोबर आहे, पण मालकाच्याच नावात चूक असलेली पट्टी मोंढ्यात कोण वाटेल! उलट उदाहरण: फक्त मार्चअखेरच्या अहवालात ॲप बंद पडतं आणि आता जून चालू आहे. तिथे सिव्हिअरिटी जास्त, प्रायॉरिटी तूर्त कमी.

10 – क. बिल्ड, फोन, टाकलेल्या किमती, अपेक्षित निकाल, आलेला निकाल आणि तो पुन्हा पुन्हा येतो की नाही, हे सगळं यात आहे. म्हणूनच प्रोग्रामरला लगेच माग काढता येतो: फरक 23 रुपयांचा, 4600 भावाने 23 रुपये म्हणजे 0.005 क्विंटल; म्हणजे 4.125 क्विंटलचे कुठेतरी 4.12 झाले, तिसरा दशांश छाटला जातोय. 'ब' मधला अंदाज खरा असूही शकतो, पण तो निरीक्षणाच्या खाली, "अंदाज" असं लिहूनच जोडावा. 'ड' मधला स्क्रीनशॉट चांगला, पण काय टाकल्यावर तो आला हे कळत नाही तोवर तो बग प्रोग्रामरला पुन्हा घडवून पाहता येत नाही.