चवथीला घरी गेल्यावर: लग्नाच्या आणि नोकरीच्या प्रश्नांना द्यायची उत्तरं

गोव्यात डिचोलीचं घर, पाच दिवसांचा गणपती. वेर्ण्याला औषध कंपनीत असलेली २८ वर्षांची मुलगी आणि सरकारी परीक्षांचा नाद सोडून म्हापशात एसी दुरुस्तीचं काम धरलेला २५ वर्षांचा धाकटा भाऊ, या दोघांच्या तोंडी असावीत अशी ही वाक्यं. आधी मान, मग नकार, मग हातातलं काम, हा क्रम सोडू नये.

नेवऱ्या करताना काकी विचारते, "यंदा तुझा नंबर ना?"
"काकी, नंबर लागला की पहिला फोन तुला. आता ही मुरड कशी घालायची ते दाखव."
ती स्थळाचं नाव काढते तेव्हा:
"पान वाढण्याआधी भूक विचारतात ना, तसं स्थळ आणण्याआधी मला विचार."

काकांची गाडी तुळशीच्या लग्नावर येते, कारण मुहूर्त तिथून सुरू होतात.
"काका, मुहूर्त दरवर्षी निघतात. मी हो म्हटलं की पंचांग तुम्हीच उघडा."
इथे "पुढच्या वर्षी बघू" हे अजिबात नको. पुढच्या चवथीला तेच वाक्य कबुली म्हणून परत येतं.

आजीशी चेष्टा कमी, खरं जास्त:
"आजी, 'लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून' असं तूच सांगतेस. एवढं मोठं काम घाईत नको गं."
"तुझ्या डोळ्यांसमोर व्हावं असं तुला वाटतं, ते कळतं मला. पण भीतीपोटी हो म्हणणार नाही."
कौल लावायचं निघालं, तर देवाला नाही म्हणू नये, क्रम बदलावा:
"आधी माझा होकार, मग आपण दोघी जाऊन प्रसाद लावू. त्याच्याआधी देवाला कशाला पेचात टाकायचं?"

आत्या नेट लावते, "आम्ही ठरवलं की झालं." गोव्यात लग्न रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, तोच आधार घ्यावा:
"आत्या, ठरवा तुम्ही, पण रजिस्ट्रारपुढे सही मला करायची आहे. माझा हात तयार झाला की सांगते."

भावाचा सामना मामांशी. "सरकारी ती सरकारी. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढ, फॉर्म भर."
"मामा, दाखला कपाटात आहे. फॉर्म यंदा भरणार नाही."
"ओळखीनं दार तुम्ही उघडाल, पण आत जन्मभर मलाच बसायचं आहे."
"पावसात काम बसतं हे खरं. जून ते सप्टेंबर कमाई कमी धरूनच हिशेब केला आहे. वही दाखवू?"
वही खरोखर सोबत असावी. मार्च ते मेची बिलं, गॅस आणि पार्ट्सचा खर्च, मदतनिसाचा पगार, सगळं त्यात हवं. "होईल काहीतरी" म्हटलं की मामा फॉर्मच आणून देतात.
"दोन वर्षं द्या, मामा. नाही जमलं तर सांगायला मीच येईन." ही मुदत मनापासून असेल तरच बोलावी.

चुलतभावाशी तुलना झाली तर:
"दादाचं चांगलं झालं, आनंदच आहे. त्याची वाट त्याला लाभली, माझी मला चालू द्या."
आणि "लोक काय म्हणतील" याला:
"लोकांना उत्तर देताना तुम्ही अडचणीत येऊ नका. 'तिलाच विचारा' म्हणा."

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" ही म्हण सगळ्यांच्या तोंडावर असते, पण घरच्या वडीलधाऱ्यांना ऐकवू नये. आपल्याला 'जन' केलं हे त्यांना लागतं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" तर बंदच. कुणाचा तरी मुलगा शेजारच्या पाटावर बसलेला असतो.

कारणंही मोजकी. "पगार कमी आहे त्याचा" म्हटलं की संध्याकाळपर्यंत जास्त पगाराचा दुसरा हजर. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की कारण काढूनच टाकावं, आवाज खाली आणावा:
"काकी, उत्तर सकाळचंच आहे."
मग गप्प. गप्प राहणं जड जातं, म्हणून माणूस आणखी एक वाक्य बोलतो आणि त्याच वाक्याला धरून पुन्हा सुरुवात होते. घुमट वाजायला लागलं असेल तर सरळ झांज हातात घ्यावी.

न विचारता फोटो कुणाला पाठवणाऱ्या मावशीला सगळ्यांसमोर बोलू नये. विसर्जनानंतर तिला एकटीला हा मेसेज:
"मावशी, चवथ छान झाली, तुझ्या पातोळ्या अजून जिभेवर आहेत. एक सांगायचं होतं. माझा फोटो तू साखळीच्या त्या घरी पाठवलास, ते मला आवडलं नाही. त्यांना आजच कळव की मुलगी सध्या बघत नाही. यापुढे माझी माहिती मला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. रविवारी येते, तेव्हा रिकामा डबा घेऊन येईन."