परीक्षेच्या वेळी स्वच्छतागृहात जाण्याची मुभा मिळण्याबाबत अर्ज

कोथरूड, पुणे
दिनांक : १ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग

विषय : कु. ईश्वरी जगताप, इयत्ता दहावी ब, हजेरी क्रमांक २७ हिला अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याने पूर्वपरीक्षेत, तसेच मंडळाच्या परीक्षेत हवे तेव्हा स्वच्छतागृहात जाऊ देण्याबाबत.

महोदया,
सा. न. वि. वि.

५ जानेवारीपासून पूर्वपरीक्षा सुरू होते आहे. त्याआधी ईश्वरीच्या बाबतीत एक गोष्ट लेखी ठरावी, म्हणून हा अर्ज. तिला पेपर चालू असताना उठून स्वच्छतागृहात जाता यावे, आणि तेही परवानगी मागून नाही, नुसते सांगून. आमची मुख्य मागणी एवढीच आहे. बाकीचे सगळे तिच्यासाठी लागणारी व्यवस्था आहे.

आजाराबद्दल थोडे सांगते, कारण पर्यवेक्षकांना बहुतेक वेळा 'पोट बिघडलंय' एवढेच कळते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. सूज सुरू होते ती गुदाशयापासून. निरोगी गुदाशय ताणला जातो आणि मल काही वेळ धरून ठेवतो. सुजलेला तसा ताणला जात नाही, म्हणून कळ आली की हातात फार तर दोन-तीन मिनिटे असतात. 'जरा दहा मिनिटं थांब' हे तिच्या मनावर नाही. बाहेरचे खाल्ल्याने हे झालेले नाही, परीक्षेच्या भीतीने झालेले नाही आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला ते लागतही नाही. ताणाने त्रास वाढू शकतो, पण औषधे बंद करून नुसते 'मन शांत ठेव' म्हटल्याने तो जात नाही. सकाळी आणि खाल्ल्यानंतर कळा जास्त येतात. आपला पेपर अकराचा, म्हणजे न्याहारीनंतर नेमक्या याच वेळात.

आणखी एक गोष्ट पर्यवेक्षकांना आधीच माहीत असावी. जाऊन आल्यावर पाच मिनिटांत तिला पुन्हा जावे लागू शकते. पोट रिकामे असले तरी सुजलेले आतडे 'अजून आहे' अशीच खूण देत राहते. कधी थोडे रक्त किंवा आव पडते, कधी काहीच नाही. 'आत्ताच तर जाऊन आलीस ना?' हा प्रश्न त्यामुळे निरुपयोगी आहे आणि भर वर्गात विचारला तर अपमानाचाही. बरी असते तेव्हा तीन तासांत एकदाही उठावे लागत नाही. त्रास चढलेला असेल तर तीन-चार वेळा, दर खेपेला पाच ते दहा मिनिटे. आज कुठला दिवस आहे हे सकाळी आठ वाजता आम्हालाही सांगता येत नाही.

सध्या मेसालामीनच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि स्टिरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करतो आहोत. चेहरा सुजल्यासारखा दिसतो तो त्या गोळ्यांमुळे. पेपरच्या दिवशी पाणी न पिता किंवा उपाशी येणे हा उपाय नव्हे. रक्त जाऊन आधीच अशक्तपणा आहे, वर पाणी कमी पडले की चक्कर येते. पारदर्शक बाटलीतले पाणी आणि दोन बिस्किटे तिच्या बाकावर राहू द्यावीत.

आता जागेबद्दल. दहावी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मुलींचे स्वच्छतागृह तळमजल्यावर, दोन जिने उतरून. दोन मिनिटे तर जिन्यातच जातात. तळमजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गासमोर शिक्षिकांचे स्वच्छतागृह आहे, तिथे कमोडही आहे. या आजारात सांधे धरतात आणि स्टिरॉइडने मांड्यांतली ताकद कमी होते, त्यामुळे तिला उकिडवे बसून उठणे जड जाते. म्हणून तिची बैठक चित्रकलेच्या वर्गात, दाराजवळच्या रांगेत, कडेच्या बाकावर असावी. त्या वर्गात नववीचा गट असला तरी आमची हरकत नाही. मात्र तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवू नये. वेगळी खोली म्हटली की वेगळा पर्यवेक्षक आला, आणि तो ऐन वेळी आला नाही की सगळेच कोलमडते. शिवाय मुलीला वाळीत टाकल्यासारखे होते ते निराळेच.

शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली शिपाईमामांकडे. खरी अडचण इथेच येईल असे वाटते. मामा घंटा द्यायला किंवा झेरॉक्स आणायला गेले की किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. पेपरच्या वेळात कुलूप काढूनच ठेवावे, किंवा दुसरी किल्ली पर्यवेक्षकांच्या टेबलावर असावी. आतली कडी गेल्या महिन्यात सैल होती, दार ओढून धरावे लागत होते. तेवढी एकदा बसवून घ्यावी. ८ जानेवारीला गुरुवार आहे आणि त्या दिवशी विज्ञानाचा पेपर. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारीच, तेव्हा आदल्या दिवशी एक बादली भरून आत ठेवायला सांगावे. झाकणाचा कचऱ्याचा डबाही लागेल.

कॉपीची शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती येऊ नये अशी व्यवस्था आम्हालाही हवी आहे. पेपरआधी स्वच्छतागृह तपासून घ्यावे. ईश्वरीजवळ एक पारदर्शक पाऊच असेल : आतले कपडे एक जोड, दोन सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, टिश्यू, कागदी साबण आणि एक काळी पिशवी. पेपर सुरू होण्यापूर्वी बाईंनी स्टाफरूममध्ये तो एकदा तपासावा. मग तो पर्यवेक्षकांच्या टेबलावर राहील आणि जाताना ती उचलून नेईल. प्रत्येक खेपेला झडती घेऊ नये, ती दोन-तीन मिनिटे नेमकी तेव्हाच नसतात. सोबत मावशींनी यावे, पण बाहेरच्या दारापर्यंतच. आत किती वेळ लागला म्हणून दार वाजवू नये. पंधरा मिनिटे झाली तर एकदा हाक मारावी. उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका ती बाकावर पालथी ठेवून जाईल.

उठण्यासाठी तिच्या बाकावर पोस्टकार्डाएवढे कार्ड असेल. ती ते उभे करेल आणि निघेल. पर्यवेक्षकांनी मान हलवण्याचीसुद्धा वाट पाहायला लावू नये. कार्डावर आपल्या सहीशिक्क्यानिशी एवढाच मजकूर असावा :

'या विद्यार्थिनीस वैद्यकीय कारणास्तव परीक्षेदरम्यान कधीही व कितीही वेळा वर्गाबाहेर जाण्याची मुभा आहे. कारण विचारू नये. — मुख्याध्यापिका'

'कधीही' हा शब्द मुद्दाम घातला आहे. पहिल्या अर्ध्या तासात आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोणाला सोडायचे नाही, एका वेळी एकच विद्यार्थी बाहेर, हे वर्गाचे नियम बाकी मुलांसाठी योग्यच आहेत. ते तिला लागू होणार नाहीत असे पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहावे. प्रथम सत्र परीक्षेत बदली पर्यवेक्षक येईपर्यंत तिला दारातच थांबवून ठेवले गेले. त्यात कोणा एकाचा दोष नव्हता, हातात लेखी काही नव्हते. पण उरलेला पेपर तिने ओल्या कपड्यांत लिहिला.

गेलेला वेळ भरून मिळावा अशीही विनंती आहे. पर्यवेक्षकांनी एका कागदावर बाहेर जाण्याची व परत येण्याची वेळ मांडावी, उदाहरणार्थ '११.४२ ते ११.५०, ८ मिनिटे', आणि शेवटी बेरीज करून तेवढीच मिनिटे द्यावीत. सरसकट अर्धा तास आम्ही मागत नाही. एकदाही उठली नाही तर एकही मिनिट जास्त नको.

कपडे खराब झालेच तर गणवेशाचा एक जोड वर्गशिक्षिकांच्या कपाटात ठेवतो आहोत. पोटात दुखले तर शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये, त्याने आजार उसळू शकतो. जुलाब थांबवणारी गोळीही नको. ताप, चक्कर, खूप रक्त किंवा न थांबणारी पोटदुखी यांपैकी काहीही दिसले तर पेपर राहू द्यावा आणि आम्हाला फोन करावा. दोघांचे नंबर शाळेच्या नोंदीत आहेत आणि पेपरच्या वेळात आमच्यापैकी एक जण वीस मिनिटांच्या अंतरावर असेल.

मंडळाच्या परीक्षेचा विषय वेगळा आहे. तिथे केंद्र दुसऱ्या शाळेत असू शकते, बैठे पथक आणि भरारी पथक असते, आणि आपले कार्ड तिथे चालेलच असे नाही. म्हणून पुणे विभागीय मंडळाच्या नावे एक स्वतंत्र अर्ज याच्यासोबत देत आहे. तो आपल्या शिफारशीसह पुढे पाठवावा आणि त्याची पोच आम्हाला मिळावी. मंडळाचे उत्तर आले की त्याची एक प्रत केंद्रसंचालकांकडे आणि एक हॉल तिकिटासोबत ईश्वरीजवळ राहील. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. ही विनंती पूर्णपणे वैद्यकीय प्रमाणपत्रावर आहे, लेखनिक किंवा गुणांची सवलत आम्ही मागितलेली नाही.

हे सगळे वर्गशिक्षिका, परीक्षा विभागप्रमुख, त्या वर्गाचे पर्यवेक्षक आणि मावशी यांच्यापलीकडे जाऊ नये. वर्गात जाहीर सूचना तर नकोच. पंधरा वर्षांच्या मुलीला आजारापेक्षा त्याबद्दलची कुजबुज जास्त लागते.

सोबत पोटविकारतज्ज्ञांचे दिनांक २४ नोव्हेंबरचे प्रमाणपत्र, कोलोनोस्कोपीच्या अहवालाची प्रत आणि मंडळाच्या नावचा अर्ज जोडला आहे. कोलोनोस्कोपीचा अहवाल आपल्यापुरताच ठेवावा, वर्गाच्या फाइलला लावू नये. १५ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर मिळाले तर जागा, किल्ली आणि कार्ड या तिन्ही गोष्टी सुट्टीआधी एकदा करून पाहता येतील. त्यासाठी कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर मी येऊ शकते.

कळावे,
आपली नम्र,
वैशाली जगताप
(ईश्वरीची आई)