सर, सोमवारपासून येतोय, पण पहिले तीन-चार आठवडे हळूहळू चालेल का?

नमस्कार सर,

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही, तुम्ही लाईनवर होतात, मागे प्रेसचा आवाज होता आणि मला पण जास्त वेळ बोललं की धाप लागते म्हणून मी घाईघाईत "हो सर, येतो सोमवारी" म्हणून फोन ठेवला. नंतर बायको म्हणाली अर्धंच सांगितलंत. म्हणून आता लिहूनच पाठवतोय, लांब होईल, सावकाश वाचा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि शेवटचे रिपोर्ट मेलवर टाकलेत, एचआरला पण सीसी केलंय.

सोमवारी २९ तारखेला मी येतोय हे नक्की. फक्त पहिल्या दिवसापासून पूर्ण आठ तास लाईनवर उभं राहणं मला सध्या झेपणार नाही, त्यासाठी ही विनंती.

तुम्हाला माहितीच आहे, ३ सप्टेंबरला सेकंड शिफ्टमधून घरी गेलो आणि रात्रीच १०३ ताप. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, हाडं तर कोणीतरी काढून परत उलटी बसवल्यासारखी. ५ ला डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह आली. विसर्जनाच्या दिवशी सगळी गल्ली मिरवणुकीत आणि मी पॅरासिटामॉल घेऊन पंख्याकडे बघत पडलेलो. मग ७ तारखेला ताप एकदम उतरला, घरचे खुश, मी पण खुश, म्हटलं सुटलो. पण डॉक्टर म्हणाले डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच सुरू होतो, तेव्हाच रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, आणि त्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं. ९ ला प्लेटलेट ३८ हजार. रक्त कुठून येत नव्हतं त्यामुळे प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, नुसत्या सलाईनवर निभावलं. १२ ला ९२ हजारांवर डिस्चार्ज, आणि २० ला परत तपासल्या तेव्हा २ लाख १० हजार.

आता इथेच घोळ आहे सर. ज्याला भेटतो तो हेच म्हणतो की प्लेटलेट आल्या ना, मग काय प्रॉब्लेम. आमच्या सासूबाईंनी तर पपईच्या पानांचा रस पाजून पाजून जीव नकोसा केला, आता आकडा वर आला तर सगळं क्रेडिट पपईला, आणि मी अजून झोपून का आहे याचं उत्तर पपईकडे नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पार्टची डायमेन्शन सगळी ओके आलीयेत पण फंक्शनल टेस्टला नापास होतोय. डॉक्टर म्हणतात डेंग्यूनंतर हा थकवा काही आठवडे राहू शकतो, बऱ्याच जणांना राहतो, त्याला वेगळं औषध नाही, झोप, पाणी, ओआरएस, जेवण आणि घाई न करणं एवढंच.

माझं नेमकं काय होतंय ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मंगळवारी बंद होती, तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्याच्या पायरीवर बसावं लागलं, शेजारच्या आजी भाजीची पिशवी घेऊन मला ओलांडून वर गेल्या. पट्कन उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, क्लिनिकमध्ये बीपी बसून ठीक होतं आणि उभं केल्यावर खाली आलं. वजन ६८ चं ६२ झालंय, युनिफॉर्मच्या पॅन्टला बेल्टला नवीन भोक पाडलं. सकाळी बरा असतो, साडेअकरा-बारापर्यंत माणसात असतो, दुपारनंतर मात्र बॅटरी २० टक्क्यावर आल्यासारखं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी काल बोललोच नाही. डोकं जागेवर राहत नाही. परवा मुलीचे गणिताचे गुणाकार तपासत होतो, दहातली दोन चुकीची उत्तरं मी बरोबर म्हणून टिक केली, तिनेच नंतर दाखवली. घरी हसलो आम्ही, पण मग मला घामच फुटला, कारण हाच माणूस सोमवारी मायक्रोमीटर धरून बोअर पास करणार. आपल्या ५० मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये एक रीडिंग चुकून पास झालं आणि लॉट कस्टमरकडे गेला तर काय होतं हे आपण जूनमध्ये बघितलंय, तीन दिवस सगळे त्यांच्याकडे जाऊन सॉर्टिंग करत होतो. त्यामुळे खरं सांगायचं तर उभं राहण्यापेक्षा मला फायनल इन्स्पेक्शनच्या सहीची जास्त भीती वाटतेय. दोन-तीन आठवडे माझी सही पीडीआय रिपोर्टवर नकोच असं मीच म्हणतोय.

तर मी असा विचार केलाय, डॉक्टरांशी बोलून, यात तुम्हाला जे बदलायचं ते बदला.

पहिला आठवडा, म्हणजे २९ पासून ४ ऑक्टोबर, रोज चार तास, साडेनऊ ते दीड. मध्ये गुरुवारी दसरा आहेच, त्यामुळे पाचच दिवस होतात. बुधवारी खंडेनवमीच्या पूजेला मी थांबेन, मशीनला हार घालायला काही ताकद लागत नाही. दुसरा आठवडा सहा तास, साडेनऊ ते साडेतीन. १० तारखेला डॉक्टरांकडे परत जायचंय, तेव्हा बीपी आणि सीबीसी बघून ते जे म्हणतील ते तुम्हाला त्याच दिवशी कळवतो. सगळं ठीक असेल तर १३ पासून जनरल शिफ्ट पूर्ण आठ तास, पण बसून काम आणि लाईनवर फार तर दोन राऊंड. त्यापुढचा आठवडा दिवाळीचाच आहे, अर्धी कंपनी गावाला असते. दिवाळीनंतर सोमवारी २७ ला मी माझ्या लाईनवर परत, पॅट्रोल इन्स्पेक्शन सगळं नेहमीसारखं. थर्ड शिफ्ट तेवढी ऑक्टोबर संपेपर्यंत लावू नका ही विनंती, रात्रीची झोप गेली की दुसरा पूर्ण दिवस वाया जातोय हे घरीच बघितलंय, एकदा मुलगी आजारी म्हणून जागलो तर दोन दिवस उठलो नाही.

बिन उचलणं महिनाभर नको. इनवर्डला १६-१७ किलोचे बिन असतात, ते ट्रॉलीवरून टेबलवर घ्यायला कोणीतरी मदतीला लागेल. मेझनाईनवरचं रिजेक्शन स्टोअर पण नको, तो लोखंडी जिना मला आत्ता स्वप्नात दिसतो.

मग मी काय करणार, नुसता बसून पगार घेणार का, असं कोणी म्हणायच्या आधी मीच सांगतो. स्टँडर्ड रूममध्ये गेजची मास्टर लिस्ट अर्धवट पडलीये, प्लग गेज आणि स्नॅप गेजची हिस्टरी कार्ड भरलेली नाहीत, काहींची कॅलिब्रेशन ड्यू डेट पण जवळ आलीये आणि नोव्हेंबरमध्ये कस्टमर ऑडिट आहे. मागच्या ऑडिटला याच्यावरच एनसी आली होती आणि तेव्हापासून "वेळ मिळाला की करू" चाललंय. तो वेळ आता माझ्याकडे आहे. सप्लायरचे दोन एटडी रिपोर्ट पण उत्तराविना पडलेत, त्यांच्या मागे फोन करून लागायचं काम मी बसून करू शकतो. घाईचं काम नाही, चुकलं तर परत तपासता येतं, आणि खुर्ची आहे. शिवाय तिथे एसी आहे, उन्हात किंवा फर्नेसजवळ गेलो की मला गरगरतं.

सागर माझी लाईन बघतोय, त्याच्या डबल शिफ्ट झाल्यात हे मला माहितीये आणि खरंच वाईट वाटतं. मी सकाळचे चार तास आलो तरी त्याच्याकडचं सगळं कागदाचं काम, एसपीसी चार्ट, शिफ्ट रिपोर्ट माझ्याकडे द्या, तो निदान वेळेवर घरी जाईल. त्याच्याशी मी बोललोय, तो हो म्हणालाय, पण शेवटी रोस्टर तुमचं.

रजेचं गणित पण करून ठेवलंय. ४ तारखेपासून या शनिवारपर्यंत विसर्जनाची सुट्टी सोडून २० दिवस होतात, त्यात सात एसएल, तीन सीएल आणि दहा ईएल. ईएल सहा उरतात. पहिल्या आठवड्याचे पाच अर्धे दिवस म्हणजे अडीच, दुसऱ्या आठवड्यात रोज दोन तास म्हणजे बारा तास, दीड दिवस, असे चार ईएल त्यातच टाका, दोन माझ्या दिवाळीला राहू द्या. सिस्टममध्ये तासाची रजा बसत नसेल तर एचआर जे म्हणेल ते, पगार कापला तरी चालेल, फक्त आधी सांगा म्हणजे हप्त्याचं बघता येईल.

येण्याजाण्याचं असं, गाडी मी आत्ता चालवत नाही, चक्कर आली तर चाकणच्या त्या ट्रेलरच्या गर्दीत काय होईल. येताना मोशीवरून जनरल शिफ्टच्या बसला मला चढू दिलं तर बरं, ट्रान्सपोर्टवाल्यांना तुमचा एक मेसेज लागेल. दीडला परत जायला कंपनीची बस नाही, मी पीएमपीने किंवा रिक्षाने जाईन, ते माझं मी बघतो.

एक गोष्ट मध्येच सांगतो, रागावू नका. मला डास कुठे चावला ते कळायला मार्ग नाही, आमच्या मोशीत जिकडे तिकडे बांधकामं आणि पाणी साचलेलं. पण स्क्रॅप यार्डमागे उघडे बिन आणि रिकामे ड्रम पावसाच्या पाण्याने भरलेत, ऑगस्टमध्ये मीच बघितले होते आणि बोललो नाही ही माझी चूक. हा डास दिवसा चावतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात, म्हणजे दर शनिवारी ते ड्रम उलटे करून ठेवले तरी भागेल. हाऊसकीपिंगला सांगाल का? आणि माझ्यापासून कोणाला थेट डेंग्यू होत नाही, कँटीनमध्ये कोणी लांब बसायला लागलं तर तेवढं सांगा. मला मात्र परत दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर जास्त जोरात होऊ शकतो, म्हणून मी फुल शर्ट आणि डासांचं क्रीम लावून येणार आहे, हसायचं त्यांनी हसा.

मागच्या वर्षी आपल्याच लाईनवरचा एक जण टायफॉईडनंतर चौथ्या दिवशी ड्यूटीवर आला आणि प्रेससमोर बसकण मारली, आठवत असेल. नशीब चांगलं, मशीन बंद होतं. मी पण तसा हट्टी आहे, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ओढत राहीन हे मला माझंच माहिती आहे, त्यामुळे हे सगळं आधीच ठरवून, लिहून घेतलेलं बरं. मधे बरं वाटलं तर मी स्वतःहून तास वाढवून मागेन. आणि उलट झालं, ताप परत आला, पोटात दुखलं, कुठून रक्त आलं, तर त्याच क्षणी निघून दवाखान्यात जाईन, तेव्हा गेटपासची वाट बघायला लावू नका.

एवढंच सर. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवलंत तर सोमवारची तयारी करतो, व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली तरी चालेल. फोन करणार असाल तर सकाळी दहा ते बारामध्ये करा, दुपारी मी झोपलेला असतो.

तुमचा,
सुनील
क्वालिटी, लाईन ३
२४ सप्टेंबर

ता.क. माझ्या लॉकरची चावी सागरकडे आहे, आत डबा राहिलाय ३ तारखेचा. त्याला सांगा उघडू नकोस, मीच येऊन बघतो.