अर्ज क्र. 27: बायोडाटा गुणांकन (कस्टमर सपोर्ट, मराठी-हिंदी प्रोसेस)

सर, 100 पैकी 69. आपला कटऑफ 65 आहे, म्हणजे फोन-राउंडला बोलवायचं. तुम्ही शेरा लगेच विचारणार, म्हणून गुण कुठे दिले नि कुठे कापले ते खाली लिहितो.

भाषा: 40 पैकी 30. बायोडाटात चार भाषांपुढे 'फ्लुएंट' लिहिलंय. त्या शब्दाला मी शून्य गुण धरतो, तो सगळेच लिहितात. कन्नडला 10 पैकी 8 दिले, कारण चौथीपर्यंत निपाणीत कन्नड माध्यमाची शाळा आणि मागच्या नोकरीत चिकोडीकडचे कॉल घेतल्याचा उल्लेख, असं दोन्ही आहे. मराठी-हिंदीला 20 पैकी 17. अर्जासोबतचा मराठी मेल नीट आहे, 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' छापाचा कोरडेपणा नाही. हिंदीचा लेखी नमुना मात्र नाही. इंग्रजी 10 पैकी 5. करिअर ऑब्जेक्टिव्ह कुठूनतरी उचललेला दिसतो. त्याखालच्या कामाच्या ओळी स्वतःच्या आहेत आणि तिथे काळाच्या चुका आहेत. मला चुकांसकट स्वतःच्या असलेल्या ओळी जास्त उपयोगाच्या वाटतात.

संवादाचा पुरावा: 35 पैकी 26. दुचाकी शोरूमच्या सर्व्हिस डेस्कवर 14 महिने, नंतर ब्रॉडबँड हेल्पलाइनला 8 महिने. 'उत्तम संवादकौशल्य' असं न लिहिता दिवसाला 45 ते 50 कॉल, तिकीट उघडणं, लाइनमनकडे पाठवणं आणि काम झाल्यावर ग्राहकाला परत फोन करणं, असं क्रमानं लिहिलंय. परत फोन करण्याचा उल्लेख करणारे अर्ज फार थोडे येतात, त्याचे गुण मी हात सैल सोडून दिले. 9 कापले, कारण चिडलेला ग्राहक कसा हाताळला याचं एकही उदाहरण नाही आणि चॅटचा अनुभव नाही.

शिफ्ट: 25 पैकी 13. 'कोणत्याही शिफ्टला तयार' एवढंच लिहिलंय. पत्ता कागलचा, ऑफिस राजारामपुरीत. दुपारी 1 ते रात्री 10 ची शिफ्ट सुटल्यावर घरी कसं जाणार, ते कळत नाही. आधीच्या दोन्ही नोकऱ्या दिवसाच्या. उमेदवार बाई आहेत म्हणून एकही गुण कापलेला नाही, पुढेही कुणी कापू नये. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 नंतर महिलांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षेची जबाबदारी आपली. तेव्हा गाडीचं आपण आधी ठरवू, मगच त्यांना विचारू.

फोनवर तीनच गोष्टी बघा: दोन मिनिटं कन्नड (आपल्या निपाणीच्या टीम लीडरला बसवा), एका संतापलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट त्यांच्याच शब्दांत, आणि रात्री 10 नंतरचं जाणं-येणं. कन्नड कच्चं निघालं तर ते 8 गुण जातील, बेरीज 61 होईल आणि अर्ज कटऑफखाली जाईल.