डच वितरकाच्या दरपत्रकातील सवलतीच्या अटींबाबत

स. न. वि. वि.

स्वयंपाकघरातील सुऱ्यांचे रॉटरडॅमच्या वितरकाकडून आलेले दरपत्रक आपण तपासणीसाठी पाठवलेत, त्याचा खुलासा कळवत आहे.

‘ट्रेड डिस्काउंट 35%, लेस 5%’ याचा अर्थ एकूण 40 टक्के सूट असा होत नाही. दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते. यादीत 80 युरो दर असलेली सुरी 52 युरोंवर येते आणि त्यावर 5 टक्के वजा जाता 49.40 युरोंचे बिल होते. म्हणजे सूट 38.25 टक्के. ही सूट बिलातच उतरत असल्यामुळे तिच्यावर विसंबायला हरकत नाही.

वर्षअखेरच्या 4 टक्के रिबेटचे तसे नाही. तो 40,000 युरोंच्या वरच्या खरेदीवरच आहे, म्हणून 46,000 युरोंच्या खरेदीवर आपल्याला 1,840 नव्हे, तर 240 युरो मिळतील, तेही रोख नाहीत, पुढच्या ऑर्डरमध्ये वळती होणाऱ्या क्रेडिट नोटने. एकाही बिलाचे पैसे मुदतीनंतर पोहोचले, तर संपूर्ण रिबेट रद्द होतो. शिवाय सीमाशुल्क माल आला तेव्हाच्या मूल्यावर भरलेले असते, आणि नंतर रिबेट मिळाला म्हणून ते आपोआप परत येत नाही. विक्रीचा दर ठरवताना रिबेट शून्य धरावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

खरी जोखीम सातव्या कलमात आहे. तेथे वर्षाला 50,000 युरोंची खरेदी हे उद्दिष्ट म्हणून नव्हे, तर बंधन म्हणून लिहिले आहे, आणि ते पूर्ण न झाल्यास वर्षभराच्या सर्व बिलांवरील 35 टक्क्यांची सूट 25 टक्के धरून फरक वसूल केला जाईल. आपली खरेदी 46,000 वर थांबली, तर तूट 4,000 युरोंची, पण फरकाचे बिल सुमारे 7,077 युरोंचे येईल. त्यापेक्षा 4,000 युरोंचा माल उचललेला बरा, निदान तो गोदामात तरी राहील. बंधनाच्या 50,000 युरोंत वाहतूक खर्च आणि परत केलेला माल मोजला जात नाही. बिलाची तारीख 31 डिसेंबरपर्यंतची हवी, ऑर्डरची तारीख चालत नाही. त्यामुळे डिसेंबरात दिलेली ऑर्डर त्यांनी जानेवारीत पाठवली, तर तोटा आपला होईल.

म्हणून सही करण्यापूर्वी दोन बदल लेखी मागावेत: खरेदी ऑर्डरच्या तारखेने मोजली जावी, आणि वसुली फक्त कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात व्हावी. ते दुसऱ्या बदलाला तयार नसतील, तर बंधनाचा आकडा 35,000 युरोंवर आणण्याचा आग्रह धरावा, त्यासाठी पाच टक्क्यांची जादा सूट सोडावी लागली तरी चालेल. आपण होकार कळवल्यास मी त्या आशयाच्या पत्राचा मसुदा करून देतो.

कळावे,
आपला,
आयात सल्लागार, कोल्हापूर