आधी शून्य पाह्य भो

(आपल्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी, काट्यावरच्या नानांना श्रद्धांजली)

संपादक मंडळाने मला एक पान दिलंय आणि त्यातच फोटो बसवायला सांगितलंय. नानांचा फोटो शोधायला मी त्यांच्या घरी गेले, सोसायटीची जुनी कपाटं उघडली, दोन-तीन जणांचे लग्नाचे अल्बम पण चाळले, पण समोरून काढलेला एकही धड फोटो मिळाला नाही. मिळाला तो वर छापलाय. त्यात नाना काट्यावर वाकलेत, तोंड दिसतच नाही, टोपी दिसते आणि दांडीवरचं माप सरकवणारा उजवा हात दिसतो. मला वाटतं हाच बरोबर आहे. आपल्या गावात ज्याने ज्याने केळी विकली त्याला हा हात तोंडापेक्षा जास्त ओळखू येईल.

नाना छत्तीस वर्षं सोसायटीच्या काट्यावर होते. चेअरमन आले, गेले, संचालक बदलले, केळीची बसराई जात गेली, श्रीमंती आली, मग टिश्यूची ग्रँड नैन आली, बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, स्टेशनवर वॅगन भरायची धावपळ कमी होऊन ट्रक थेट दिल्लीला निघायला लागले, पण काट्यावर माणूस तोच. नव्या पोरांना सांगते की आधी आपला काटा डिजिटल नव्हता, लोखंडी पाटाचा दांडीवाला होता. गाडीतून घड उतरवून पाटावर रचायचे, दांडीवरचं माप सरकवायचं आणि दांडी मधोमध थांबली की वजन वाचायचं. घड चढवण्याआधी, पाट रिकामा असताना, नाना शेतकऱ्याला हाक मारायचे, "ये इकडं. दांडी पाह्य. सरळ हाये का?" शेतकरी म्हणायचा हो नाना आहे, घाई करा, तर नाना म्हणायचे, "मी पाह्यलं त्याचं काय. तू पाह्य भो."

नंतर आकडे दाखवणारा काटा आला तेव्हा वाक्य बदललं, "आधी शून्य पाह्य भो." सवय तीच. रिकाम्या काट्यावर शून्य दिसल्याशिवाय एक घड पण वर चढायचा नाही, आणि ते शून्य मालाच्या मालकाने स्वतःच्या डोळ्याने पाहायचं. पावसाळ्यात पाटावर चिखल साचायचा, केळीच्या पाल्याचा चोथा चिकटायचा आणि काटा रिकामा असून दीड-दोन किलो दाखवायचा. तेव्हा नाना हमालांना न सांगता स्वतः खराटा घेऊन पाट झाडायचे, पुन्हा शून्यावर आणायचे आणि पुन्हा हाक मारायचे. मागे गाड्यांची रांग उभी, ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, व्यापाऱ्याचा माणूस घड्याळ दाखवतोय, नानांचं आपलं एकच, शून्य.

ज्यांच्या घरी केळी नाही त्यांच्यासाठी दोन ओळी सांगते, म्हणजे या शून्याची किंमत कळेल. आपल्याकडे बोर्डाचा भाव लागतो, नवतीचा म्हणजे नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा वेगळा, पिलबागेचा म्हणजे पिलांवरच्या पुढच्या पिकाचा वेगळा, वापसीचा म्हणजे हलक्या मालाचा तर फारच कमी, वर फरकाचा हिशोब असतो. हे सगळं दुसरे लोक ठरवतात. शेतकऱ्याच्या हातात भाव नाही, वारं नाही, हरण्या-करप्यासारखा रोग नाही, जूनमधे वादळ आलं की वर्षभर सांभाळलेली बाग अर्ध्या तासात आडवी. एवढ्या सगळ्यात आपल्या मालाचं वजन तरी बरोबर झालं एवढंच त्याला बघता येतं. नानांनी ते बघणं आपल्या हातात दिलं, असं मी मानते.

एक दिवस मला फार जवळून आठवतो. मी तेव्हा बावीस वर्षांची. आमच्या दादांचं (म्हणजे वडिलांचं) पोटाचं ऑपरेशन झालेलं, भाऊ लहान, आणि कांदेबागेची कापणी थांबवता येत नव्हती कारण एकदा माल तयार झाला की तो कोणाच्या ऑपरेशनसाठी थांबत नाही. गाडीबरोबर मीच आले. सोसायटीच्या आवारात तेव्हा बाई माणूस उभं राहायचं नाही. मी निंबाखाली गाडीमागे उभी राहिले, म्हटलं गडी वजन करून आणेल, चिठ्ठी घेईल, आपण जाऊ. दोन-तीन जण वळून वळून बघत होते आणि मला पायाखालची जमीन फाटावी असं झालं होतं. नाना मान वर न करता म्हणाले, "माल कोणाचा?" गड्याने दादांचं नाव सांगितलं. "मालक कुठी हाये?" गडी म्हणाला, दवाखान्यात, पोरगी आलीय. नानांनी काम थांबवलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "माय, पुढं ये. शून्य पाह्य."

मी पुढे गेले. पाटाजवळ उभी राहिले, दांडी पाहिली, सरळ होती, मी म्हटलं सरळ आहे. "नीट पाह्यली?" हो. "मग चढवा रे." एवढंच. दया नाही, चौकशी नाही, दादा कसे आहेत हे पण त्यांनी वजन झाल्यावर, चिठ्ठी माझ्या हातात दिल्यावर विचारलं. त्या दिवसानंतर मी कापणीला कधी निंबाखाली उभी राहिले नाही. आज तेवीस वर्षं झाली, साडेपाच हजार खोडांची बाग मी बघते, आणि आता आपल्या आवारात बायका चिठ्ठी घेऊन उभ्या असतात तर कोणी मान वळवत नाही. त्याची सुरुवात कुठून झाली ते या पानावर लिहून ठेवायला पाहिजे म्हणून लिहितेय.

दुसरी गोष्ट हमाल लोकांना जास्त माहीत आहे. एका मे महिन्यात, ऊन असं की पाटावर हात ठेवता येत नव्हता, सकाळपासून पाच गाड्या काट्यावरून गेलेल्या, प्रत्येकवेळी शून्य बरोबर. सहाव्या गाडीला नाना थबकले. म्हणाले घड मोठे दिसून राह्यले आणि वजन हलकं येऊन राह्यलं. शून्य पुन्हा पाहिलं, बरोबर. मग त्यांनी जे केलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाटावर माल तसाच असताना स्वतः वर चढून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं वजन अठ्ठावन्न. आकडा किती वाढला ते सांगा." आकडा एकावन्नने वाढला. नाना खाली उतरले, माल उतरवायला लावला, पाट उचलायला लावला. पाट आणि चौकट यांच्या फटीत केळीच्या दांड्याचा बोटभर तुकडा अडकलेला. रिकाम्या पाटाला तो टेकत नव्हता म्हणून शून्य बरोबर यायचं, भार आला की पाट खाली दबून त्या तुकड्यावर टेकायचा आणि तेवढं वजन चौकट खाऊन टाकायची. तो तिथे आपोआप पडला की कोणी सारला हे नानांनी विचारलं नाही. पाचही गाड्यांचा माल ट्रकमधे भरला गेला होता, तो खाली काढून पुन्हा वजन केला. व्यापाऱ्याचा माणूस तणतणला, हमाल वैतागले कारण भर दुपारी दुप्पट काम, नानांनी त्यांच्याबरोबर स्वतः घड उचलले आणि संध्याकाळी त्यांना जास्तीची हमाली मिळावी म्हणून सेक्रेटरीच्या टेबलापुढे उभे राहिले, मिळेपर्यंत बसले नाहीत. पाचातले दोन शेतकरी घरी निघून गेले होते. त्यांना वजन वाढल्याचं कळलं ते रात्री नाना टॉर्च घेऊन नवीन चिठ्ठी द्यायला दारात आले तेव्हा.

त्यानंतर काट्याशेजारी वीस-वीस किलोची दोन मापं कायमची आली. भरलेल्या पाटावर ती ठेवून बघायची, चाळीसच वाढले पाहिजेत. ती आजही आहेत.

घरी नाना कसे होते ते मला फार माहीत नाही, तो हक्क त्यांच्या घरच्यांचा. एवढं माहीत आहे की हिवाळ्यात आवारात भरीत पार्टी झाली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला तेच बसायचे, केळीच्या पानावर सगळ्यांचं वाढून झालं की शेवटी हमालांच्या पंगतीत जेवायचे, आणि कळण्याची भाकरी असेल तर खूष. २०१६ मधे जळगाव केळीला जीआय मिळालं तेव्हा ते रिटायर होऊन घरी होते. मी पेढे घेऊन गेले, जीआय म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की केळी या मातीतली आहे असं आता नोंदलं गेलं, दुसरीकडची केळी जळगावची म्हणून विकता येणार नाही. नानांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे नावाचं बी शून्य पाह्यलं म्हना आता." मग अर्धा पेढा तोंडात टाकला आणि या हंगामात माल कसा आहे ते विचारत बसले.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना गेले. त्या दिवशी सोसायटीने काटा बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन आले तर काट्यावर नवीन पोरगा होता, जेमतेम वीस-एकवीसचा, नानांच्या हाताखाली एक दिवस पण काम न केलेला. माझे गडी घड उचलायला लागले. तो पोरगा म्हणाला, "थांबा. काकू, इकडे या, आधी शून्य पाहा."

मी पाहिलं. मग चढवायला सांगितलं.

— सोसायटीची एक सभासद, दुसरी पिढी