डिचोली गाडीतल्या सगळ्यांना

दादा, वहिनी आणि मागच्या सीटवरच्या पोरांनो,

काल संध्याकाळी गाडीत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "पॅकिंगमधल्या साठ जणांना घरी पाठवणार, हे खरं का?" आणि मी खिडकीबाहेर झुआरीचं पाणी बघत बसले. म्हापशाला उतरणाऱ्यांनी उतरता उतरता निकाल लावून टाकला, "ताई गप्प बसली, म्हणजे खरं आहे." रात्री साडेदहापर्यंत सात फोन. त्यातला एक साखळीहून मामींचा, कारण त्यांचा जावई पॅकिंगला आहे. हॅलोसुद्धा नाही, थेट "खरें काय फट?"

म्हणून हे लिहिते आहे. पर्सोनेलमध्ये काम करते, तेव्हा आधी साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी एक वाक्य खोडलं. ते कॅन्टीनच्या सांबाराबद्दल होतं, उगाच तर्क लढवू नका.

फोनवर फिरणारा चाळीस सेकंदांचा तो रेकॉर्ड केलेला आवाज मीही ऐकला आहे. चतुर्थी झाली की पॅकिंगमधले साठ जण घरी, असं त्यात म्हटलंय. हे खरं आहे असं मी म्हणणार नाही, आणि खोटं आहे असंही म्हणणार नाही. "काही काळजी करू नका" हेही म्हणणार नाही, कारण त्याचाही अर्थ तुम्ही काढालच.

राग येईल, पण जरा ऐका. समजा आज मी "छे, सगळं खोटं" म्हटलं. सहा महिन्यांनी दुसरी काही आवई उठली आणि त्या वेळी मला "खोटं" म्हणता आलं नाही, तर माझं न बोलणंच उत्तर होऊन बसेल. म्हणून माझं उत्तर दर वेळी हेच असणार. बातमी पक्की असली तरी हेच, निव्वळ थाप असली तरी हेच. गेल्या वर्षी कंपनी गुजरातला चालली म्हणत होते, तेव्हाही मी हेच म्हटलं होतं, आठवत असेल. कालची माझी चूक एवढीच, की हे तोंडाने सांगायचं सोडून मी पाण्याकडे बघत राहिले.

दुसरं कारण कायद्याचं आहे. आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. जून संपला, तिमाहीचा निकाल अजून लागायचा आहे. निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत माझ्यासारख्यांना कंपनीचा एक शेअरही घेता किंवा विकता येत नाही. हे दर तिमाहीला असतं, यंदा काही खास नाही. पण ज्या माणसाला शेअर विकायची मुभा नाही, त्याने बसमध्ये कंपनीचं भविष्य सांगत फिरणं कसं चालेल?

आता मागच्या सीटवरच्या त्या पोराबद्दल. नाव घेत नाही, त्याचं त्याला कळेल. त्याने हळूच विचारलं, "ताई, घराच्या कर्जाची फाईल बँकेत दिलीय. सही करू की थांबू?" रात्रभर तेच डोक्यात होतं. "कर" म्हटलं तर त्याला नोकरीची हमी दिल्यासारखं होईल. "थांब" म्हटलं तर सकाळी वाळपईपर्यंत बातमी पोचेल. बाबा, माझ्या तोंडाकडे बघून हप्ता ठरवू नकोस. कंपनी कुठलीही असो, सहा महिने पगार नसला तर हप्ता कुठून भरशील, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर सही कर. हे मी तुला अफवा नसती तरी सांगितलं असतं.

खुणांचंही तसंच. मुंबईहून दोन माणसं टेप घेऊन आली आणि हॉल मोजून गेली. ओव्हरटाइम कमी झाला. बुधवारची मासळी कॅन्टीनमधून गेली, आणि गोव्यात यापेक्षा मोठा पुरावा काय हवा! मासळीचं तेवढं सांगते, कारण ते गुपित नाही: 31 जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी आहे, बांगड्याचा भाव बाजारात जाऊन बघा. टेपवाल्यांबद्दल आणि ओव्हरटाइमबद्दल बोलणार नाही. "मासळीचं सांगितलं, मग बाकीचं का लपवते?" असं लगेच म्हणाल. म्हणा. ते माझ्या अखत्यारीत नाही, यापलीकडे त्यात काही नाही.

छापील कायदा मात्र कुणालाही वाचता येतो, त्यामुळे तो बिनधास्त सांगते. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. त्यात ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. कायमचं काढलं तर ती कपात. आपण दोन्हींना एकच नाव देतो. तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते. आपण साडेचारशेच्या आसपास आहोत, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. परवानगीच्या अर्जाची प्रत संबंधित कामगारांनाही द्यावी लागते. तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. सहसा शेवटी आलेला आधी जातो. सरकारने साठ दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, हेही माहीत असू द्या. अठरा हजारांवर पगार असलेला सुपरवायझर यात कामगार धरला जात नाही. मीही नाही, तेव्हा माझ्या गप्प बसण्यात माझा फायदा शोधू नका.

थोडक्यात, अशी गोष्ट कुणाच्या आवाजातून येत नाही, कागदावर येते. शंका असेल तर पणजीला पाटोवर श्रम आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे विचारायला माझी परवानगी लागत नाही.

एका बाबतीत मात्र मी स्पष्ट बोलणार. गेटासमोरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी "पाच हजार द्या, यादीतून नाव काढतो" म्हणतोय असं कानावर आलं. यादी आहे की नाही यावर माझं उत्तर वरचंच. पण पैसे घेऊन नाव घालणारा किंवा काढणारा आमच्या खात्यात कुणी नाही. तो लबाड आहे. एक रुपया देऊ नका, आणि तो कोण ते मला सांगा. तसंच कुणी फोनवरून राजीनामा लिहून मागितला तर देऊ नका. आम्ही फोनवर राजीनामे मागत नाही.

तुम्ही का घाबरता ते मला कळतं. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा आमच्या अंगणात बाबांचा ट्रक उभा होता, हप्ता चालू आणि चाकं बंद. रोज कुणीतरी "पुढच्या महिन्यात सुरू होणार, आतली बातमी" घेऊन यायचा. बाबांनी त्या आतल्या बातमीवर दोन नवे टायर घातले. टायर तसेच उन्हात तडकले.

म्हणून तो आवाज पुढे पाठवू नका. ज्याच्या घरी म्हातारी आई आहे, त्याच्या फोनवर तर मुळीच नको.

दर जुलैत करतो तसं, सोमवारी तीन ते पाच मी टेबलावर बसणार आहे. रुजू झाल्याची तारीख, पीएफचं वारस-नाव, बँक खातं तपासून घ्यायचं असेल त्यांनी यावं. गेल्या खेपेला अकरा जणांच्या खात्यावर अजून वडिलांचंच नाव होतं, लग्नं होऊन मुलं शाळेत गेली तरी.

आणि उद्या गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवू नका. चतुर्थीच्या माटोळीला कुणाकडे काय पिकलंय ते बोलू.

तुमची,
वैशालीताई